गच्चीवरचा पाऊस, फ्लॅटमागे सहा हजार

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. या दोन आकड्यांवर कोणत्याही सोसायटीला आपल्या गच्चीवरच्या पाण्याचा हिशेब मांडता येतो. अडचण पुढे येते. हे पाणी जमिनीत मुरवायला खर्च किती, तो फ्लॅटमागे कसा वाटायचा आणि पैसे कधी वसूल होणार, या तीन प्रश्नांवर सर्वसाधारण सभेत दोन तास जातात आणि विषय ‘पुढील सभेत घेण्याचे ठरले’ या वाक्यावर संपतो.

म्हणून एक उदाहरणच सोडवून पाहू. कोथरूडसारख्या भागातली, पंचवीसेक वर्षं जुनी, दोन इमारतींची ४८ फ्लॅटची सोसायटी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक गच्ची ३०० चौरस मीटर, आवारात एक बोअर आणि उन्हाळ्यात दहा हजार लिटरचे टँकर, एकेक १,२०० रुपयांचा. सोसायटी काल्पनिक आहे, रकमाही हिशेब समजावा म्हणून घेतलेल्या आहेत. प्रत्येकाने तिथे आपल्याकडचे दर घालावेत. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

६०० चौरस मीटर गच्ची आणि ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४ लाख २० हजार लिटर. गच्चीत मुरणारं, उडून जाणारं आणि वाया जाणारं पाणी म्हणून वीस टक्के कमी केले, तर हाती ३ लाख ३६ हजार लिटर उरतात. आकडा भरघोस वाटतो. पण ४८ फ्लॅटमध्ये १९२ माणसं धरली आणि शहरी पाणीपुरवठ्यासाठी धरतात तसे माणशी रोजचे १३५ लिटर मोजले, तर सोसायटीला दिवसाला जवळपास २६ हजार लिटर लागतात. म्हणजे वर्षभराचा गच्चीवरचा पाऊस तेरा दिवसांची गरज भागवतो. ‘आता टँकर कायमचे बंद’ असं कोणी सभेत सांगू लागलं, तर त्याच्यापुढे हे तेरा दिवस ठेवावेत.

मग हे पाणी टाकीतच का साठवू नये? लाखभर लिटरची टाकी एकदा भरली की दहा टँकर वाचतात, म्हणजे वर्षाला बारा हजार रुपये. ती बांधायला काही लाख लागतात, शिवाय तेवढी जागा पार्किंगमधूनच काढावी लागते. पावसाळ्यात टाकी पुन्हा पुन्हा भरेल हे खरं, पण तेव्हा टँकर कुणाला हवा असतो? त्यामुळे अशा सोसायट्यांसाठी गाळलेलं पाणी बोअरमध्ये सोडणं हाच परवडणारा मार्ग उरतो.

इथे पुण्याचा खडक आडवा येतो. खाली काळा बेसाल्ट आहे आणि त्यात पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि सच्छिद्र थरांमध्ये. एका बोअरला भेगा लागलेल्या असतात, तर पन्नास फुटांवरच्या दुसऱ्याला सलग घट्ट पाषाण. म्हणून कोटेशन मागवण्याआधी एक टँकर खर्ची घालावा. मे महिन्यात बोअरची पातळी खाली असताना दहा हजार लिटर स्वच्छ पाणी त्यात सोडायचं आणि पातळी किती वेळात उतरते ते दोरीला वजन बांधून मोजत राहायचं. तासा-दोन तासांत बोअरने पाणी पोटात घेतलं, तर पुढच्या खर्चाला अर्थ आहे. पाणी केसिंग पाइपच्या तोंडाशी तसंच उभं राहिलं, तर त्या बोअरवर लाखो रुपये घालण्यात काही हशील नाही. बाराशे रुपयांची ही चाचणी कोटेशनमध्ये सहसा नसते. ती सोसायटीने स्वतःच करून घ्यावी.

आता कोटेशनं. आपल्या सोसायटीकडे तीन आली आहेत: पहिलं १ लाख ३८ हजारांचं, दुसरं २ लाख २४ हजारांचं, तिसरं ३ लाख ९५ हजारांचं. सभेत एक सभासद हमखास उठून म्हणतो, ‘सर्वांत कमी आहे त्याला द्या की!’ पण तिन्ही कोटेशनं वेगवेगळ्या कामांची आहेत. तिसऱ्यात पाणी मुरवण्यासाठी नवी बोअर धरली आहे. आपली जुनी बोअर चाचणीत पास झाली असेल, तर तो खर्च टाळता येतो. खरी तुलना पहिल्या दोघांत आहे.

पहिल्या कोटेशनात बोअरजवळच्या ‘ए’ इमारतीचीच पाइपलाइन आहे. ‘बी’ इमारतीपासून बोअरपर्यंतचं काम धरलं तर ४२ हजार वाढतात. त्या पाइपसाठी उखडलेले पेव्हर ब्लॉक पुन्हा बसवायचे १४ हजार. आणि कोटेशनात शब्दही नसलेली सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे ड्राय बाल्कनी. अनेक जुन्या इमारतींत गच्चीवरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपलाच ड्राय बाल्कनीचं पाणी जोडलेलं असतं. कधी मूळ बांधकामातच, कधी कुणी वॉशिंग मशीन घेतल्यावर. तो पाइप तसाच बोअरला जोडला, तर पावसासोबत साबणाचं पाणीही भूगर्भात जाणार. ओळखायचं सोपं आहे: कोरड्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या सुमारास प्रत्येक पाइपच्या तळाशी उभं राहावं. ऊन पडलेलं असताना पाइपातून पाणी आलं, त्यावर फेसही असला, तर तो पाइप पावसाचा उरलेला नाही. अशा जोडण्या वेगळ्या करायला आपल्या उदाहरणात ३६ हजार लागतात.

हे सगळं मिळवलं की पहिलं कोटेशन २ लाख ३० हजारांवर जातं आणि १८ टक्के जीएसटी धरून २ लाख ७१ हजार ४०० रुपयांवर. दुसऱ्यात ही सगळी कामं आधीच होती; जीएसटीसह ते २ लाख ६४ हजार ३२० होतं. स्वस्त दिसणारं कोटेशन सात हजारांनी महाग निघालं. म्हणून तिन्ही कंत्राटदारांना कामाची एकच यादी द्यावी: पाइपचा व्यास आणि लांबी, खोदकामाचा मुरमातला दर आणि पक्क्या खडकातला दर, फिल्टरची क्षमता, आणि पहिला पाऊस बाहेर सोडण्याची वेगळी वाट. पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण येते. सुरुवातीचे दोन मिलिमीटर, म्हणजे आपल्या दोन गच्च्यांवरचे बाराशे लिटर, गटारात गेलेले बरे. फिल्टरबाबतही नेमकं विचारावं. तासाला ६० मिलिमीटरच्या वेगाने सर कोसळली तर एका गच्चीवरून तासाला १८ हजार लिटर पाणी येतं. तेवढं पेलणारा फिल्टर नसेल तर ऐन जोराच्या पावसातलं पाणी वरूनच वाहून जातं. ‘प्रत्यक्ष मोजमापानुसार’ हे दोन शब्द कोटेशनच्या तळाशी असतील, तर कमाल रक्कम लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

दुसरं कोटेशन घेतलं आणि अनपेक्षित खर्चासाठी नऊएक टक्के जादा ठेवले, तर अंदाजपत्रक २ लाख ८८ हजारांचं होतं. ४८ फ्लॅट, प्रत्येकी सहा हजार.

इथून वाद सुरू होतो. दोन बेडरूमचे ३६ आणि तीन बेडरूमचे १२ फ्लॅट आहेत. मग सगळ्यांना सारखं का? आदर्श उपविधींनुसार सेवा खर्च सर्व फ्लॅटना समान असतो, पण पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार वाटतात. हे काम पाण्याचं, म्हणून वर्गणीही नळांवर, असा युक्तिवाद करता येतो. लहान फ्लॅटमध्ये आठ आणि मोठ्यात अकरा नळ धरले, तर लहान फ्लॅटला सुमारे ५,४८६ आणि मोठ्याला ७,५४३ रुपये येतात. फरक दोन हजारांचा, त्यावर वैर मात्र दहा वर्षांचं. कोणतीही पद्धत घ्या, पण ती अजेंड्यावर आकड्यांसह आधी छापा आणि ठरावात नोंदवा. ‘इतर विषयां’त आयत्या वेळी संमत केलेली वर्गणी थकबाकीदाराच्या हातात कोलीत देते. आणि थकबाकी राहतेच. चार फ्लॅटनी पैसे दिले नाहीत की २४ हजारांचा खड्डा पडतो. जादा ठेवलेली रक्कम जवळपास तेवढीच आहे. म्हणून दीड-दीड हजारांचे चार हप्ते फेब्रुवारीपासून सुरू करावेत आणि काम एप्रिलमध्ये.

आता परतफेड. कंत्राटदाराचा कागद म्हणतो, पावणेतीन वर्षं. तो आकडा असा घडतो: पाऊस ८५० मिलिमीटर, जिन्याचं छप्पर वगैरे धरून गच्ची ७००, घट फक्त दहा टक्के, म्हणजे ५३ टँकर, टँकरचा भाव मे महिन्यातला दीड हजार, आणि खर्च जीएसटी वगळून. शिवाय त्यात एक मोठी मेख आहे: बोअरमध्ये सोडलेला प्रत्येक थेंब मे महिन्यात आपल्यालाच परत मिळणार, असं गृहीत धरलं आहे. खडकातल्या भेगा सोसायटीच्या कुंपणाशी थांबत नाहीत. आपलं पाणी शेजारच्या बोअरलाही जातं.

३ लाख ३६ हजार लिटरमधून पहिला पाऊस आणि जोराच्या सरीत वाहून जाणारं पाणी वजा करून २ लाख ८० हजार धरू. त्यातलं निम्मं आपल्या बोअरला लाभलं तर चौदा टँकर वाचले, म्हणजे १६,८०० रुपये. पंपाची वीज आणि फिल्टरच्या साफसफाईचे सहा हजार त्यातून वजा केले की राहतात १०,८००. यात पुणे महापालिकेची मिळकत कराची सवलत मिळवायची. अशा प्रकल्पांसाठी सामान्य करात ५ टक्के, आणि सौरऊर्जा किंवा गांडूळखत असा आणखी प्रकल्प असेल तर १० टक्के सूट मिळते. एका फ्लॅटचा सामान्य कर पाच हजार धरला तर सूट अडीचशे, सगळ्या सोसायटीची मिळून बारा हजार. ही रक्कम सोसायटीच्या खात्यात येत नाही, प्रत्येकाच्या बिलात दिसते. म्हणून खजिनदार ती हिशेबात धरायला विसरतो.

एकूण वार्षिक लाभ २२,८०० रुपये. २ लाख ६४ हजार फिटायला साडेअकरा वर्षं. बोअरने तीन चतुर्थांश पाणी परत दिलं, तर साडेआठ. लाभातला निम्म्याहून अधिक वाटा करसवलतीचा आहे. दोन प्रकल्पांची १० टक्के सूट सोसायटी आधीच घेत असेल, तर तो वाटा जवळजवळ शून्य होतो आणि मुदत दुपटीवर जाते. पावणेतीन वर्षांच्या आशेवर मंजूर झालेलं काम तिसऱ्या वर्षी दुर्लक्षित होतं, फिल्टरवर शेवाळ चढतं. दहा वर्षांचा आकडा आधीच मान्य करून मत देणारी सोसायटी तो धुवत राहण्याची शक्यता अधिक.

मुदत खरी किती, हे मोजून कळतं. बोअरच्या पंपावर मीटर बसवावा आणि महिन्याच्या शेवटी आकडा वहीत लिहावा. टीडीएस मीटरने मे आणि ऑगस्टमध्ये बोअरचं पाणी तपासावं. क्षारांचा आकडा उतरला तर पावसाचं पाणी खाली पोहोचतंय असं मानायला आधार मिळतो. मध्यम पावसातही फिल्टरवरून पाणी ओसंडू लागलं, तर तो तुंबला आहे. कंत्राटदाराचे दहा टक्के, सव्वीसएक हजार, ऑक्टोबरपर्यंत अडवून ठेवावेत. पहिला पावसाळा पार पडल्यावर वहीतले आकडे, सांध्यांची गळती आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक पाहून समितीने तो चेक काढावा.