दोन भाषांची नोटीस, एक तक्ता

भूसंपादनाच्या द्विभाषिक नोटिशीचे अख्खे पान टेसरॅक्टला `-l mar+eng` देऊन वाचायला लावले, तर शेजारचे रकाने एकमेकांत मिसळतात. म्हणून आधी स्कॅन सरळ करावे, छापील रेषांवरून चौकटी कापाव्यात आणि मराठी चौकट `mar`ने, इंग्रजी `eng`ने वाचावी. खरी गोची ओळींची. मराठी नाव दोन ओळींत मोडते, इंग्रजी एकाच ओळीत मावते. तेव्हा अनुक्रमांक नसलेली ओळ वरच्याच नोंदीला जोडावी. आकड्यांत १ चा ९ होऊ शकतो. एकाच गटाचे क्षेत्र मराठीत ०.९२ आणि इंग्रजीत `0.12` आले, तर बेरीज ताडावी: दुसरा गट ०.३० आणि छापील एकूण ०.४२ असेल, तर चूक मराठी रकान्याच्या वाचनात आहे. मूळ छपाईच चुकली असेल, तर आकडा न बदलता बाजूला शेरा लिहावा.