एकच स्लाइड, दोन वाचक

बीड जिल्ह्यात 2020 च्या खरिपापासून पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ राबवला गेला. पाटोद्यातल्या शेतकऱ्यासाठी तेव्हाची स्लाइड साधी हवी: ‘शेतात पाणी साचलं? 72 तासांत कळवा.’ हीच स्लाइड पीकविमा केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला दाखवली, तर तो ‘कळवा, पैसे मिळतील’ असं सांगून मोकळा होईल. त्याच्या स्लाइडवर आज्ञार्थ नको, कार्यपद्धती हवी: सूचनेची तारीख-वेळ नोंदवायची, गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहायचा, आणि सूचनेमुळे फक्त पाहणी सुरू होते, रक्कम ठरत नाही, हे स्पष्ट सांगायचं.

त्याला या पॅटर्नमधलं पैशाचं गणितही हवं. हप्ता 100 रुपये जमला आणि भरपाई 60 गेली, तर उरलेल्या 40 पैकी 20 कंपनीचे, 20 राज्याला परत. भरपाई 130 झाली, तर 110 कंपनी देणार, वरचे 20 राज्य. मग हे शेतकऱ्यापासून लपवायचं का? मुळीच नाही, विचारलं तर सांगायचंच. पण त्याची भरपाई यावर ठरत नाही, म्हणून त्याच्या स्लाइडवर ते गोंधळच वाढवतं. उलट, आतल्या सादरीकरणात नमुना म्हणून खऱ्या शेतकऱ्याचं पासबुक किंवा आधार कधीच नको. ‘आपल्यातच आहे’ म्हटलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर जायला वेळ लागत नाही. दोन प्रतींत आकडे वेगळे पडतील, ही शंका रास्त आहे. म्हणून मुदती आणि दर एकाच मूळ पानावर ठेवावेत, दोन्हीकडे तिथूनच घ्यावेत.