विठ्ठलवीराची कथा आणि दोन समीक्षक

संशोधन-पत्रिकेला पाठवलेला लेख पहिल्या फेरीत जसाच्या तसा स्वीकारला गेला, असे धर्म-अभ्यासात क्वचितच घडते. काही महिन्यांनी संपादकाचे पत्र येते, सोबत दोन अनामिक समीक्षकांची टिपणे असतात आणि वर ‘मोठ्या दुरुस्त्या अपेक्षित’ असा शेरा असतो. नवखा लेखक हा नकार समजून खचतो. खरे तर दार उघडे ठेवलेले असते. मात्र आत जायचे तर एक उत्तरपत्र लिहावे लागते, आणि ते लेखाइतकेच जपून लिहावे लागते.

एक उदाहरण घेऊ. लेख आणि समीक्षक दोन्ही कल्पित, विषय मात्र खरा. महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त विठ्ठलाची एक कथा येते. तिच्यात विठ्ठल हा देव नाही. तो गाईंसाठी लढताना पडलेला वीर आहे आणि पंढरपूरचा दगड ही त्याची आठवण. विठ्ठलाचे मूळ वीरगळात शोधणारे अभ्यासक या कथेचा पुरावा म्हणून आधार घेतात. आपल्या लेखकाचे म्हणणे वेगळे आहे. महानुभावांच्या मते मोक्ष देतो तो एक परमेश्वर, बाकीच्या देवतांना ते सामर्थ्य नाही. अशा पंथाने शेजारच्या गाजत्या देवाला ‘मेलेला माणूस’ म्हणणे हा वादविवादाचा भाग आहे. त्यातून पंथाच्या सीमारेषा कळतात, देवाचा जन्म कळत नाही.

पहिल्या समीक्षकाचा आक्षेप पोथीवर आहे. लेखकाने ‘चक्रधरस्वामी म्हणतात’ असे बिनदिक्कत लिहिले. पण म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास सिद्ध केलेली मूळ पोथी खल्जीच्या स्वारीच्या धामधुमीत हरवली आणि पुढे शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे खुद्द परंपराच सांगते. आज हाताशी असलेल्या पोथ्यांत पाठभेद आहेत, छापील आवृत्त्याही एकसारख्या नाहीत. मग हे शब्द तेराव्या शतकातले कशावरून?

इथे वाद घालण्यात अर्थ नाही, आक्षेप रास्त आहे. तो मान्य करण्याची रीत मात्र शिकावी लागते. ‘सूचनेबद्दल आभार, योग्य बदल केला आहे’ एवढेच लिहिले तर समीक्षकाला सगळा लेख पुन्हा चाळावा लागतो, आणि चाळताना त्याला नवे आक्षेप सुचतात. उत्तरपत्रात त्याचे वाक्य आधी जसेच्या तसे उतरवायचे, खाली आपले उत्तर, आणि लगेच जुने व नवे वाक्य शेजारी शेजारी. जुने वाक्य असे: ‘चक्रधरांनी विठ्ठलाला वीर ठरवून वारकऱ्यांचा दावा खोडला.’ नवे असे: ‘लीळाचरित्राच्या आज उपलब्ध पोथ्यांत चक्रधरांच्या तोंडी विठ्ठलवीराची कथा येते, तिचे शब्द त्यांचेच असतील असे नाही, पण पंथाने ती जपली एवढे निश्चित.’ पुढे पान आणि ओळ यांचा क्रमांक.

या बदलाने लेखाचे काही बिघडले का? उलट त्याला बळकटी आली. मुख्य म्हणणे पंथाच्या भूमिकेबद्दल आहे, आणि पंथाने कथा जपली हे त्याला पुरते. चक्रधरांच्या प्रत्यक्ष शब्दांवर लेखकाने उगाच भार टाकला होता. समीक्षकाने काढून घेतलेली वीट भिंतीची होती की नुसती वर ठेवलेली, हे ओळखता आले की अर्धे उत्तर लिहून झाले.

त्याचाच दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. कथा विरोधकांनी सांगितली म्हणून ती खोटी ठरत नाही; टीकेतही जुनी आठवण तगून राहते. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या पट्ट्यात गाईंसाठी मेलेल्या वीरांचे दगड गावोगाव सापडतात. रा. चिं. ढेरे यांनीही ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. म्हणजे पशुपालकांचा धागा हवेतून आलेला नाही.

इथे अर्धे मान्य करावे आणि अर्ध्यावर ठाम राहावे. लेखकाने ‘इतिहास नव्हे, केवळ वाद’ असे लिहिले होते. त्यातला ‘केवळ’ काढायला हवा, आणि काढला हे पत्रात उघड सांगायला हवे. पण त्यापुढे लेखकाने हटू नये. कथेत आठवण असू शकते, हे तो नाकारत नाही. आहे असे म्हणायला कथेबाहेरचा पुरावा लागतो, एवढेच त्याचे म्हणणे. गवळी-धनगरांचा देव आणि लढाईत पडलेला वीर या दोन वेगळ्या कल्पना आहेत, तेव्हा एकीच्या पुराव्याने दुसरी सिद्ध होत नाही. शिवाय लेखकाजवळ एक चांगला दाखला आहे. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख १२७३ ते १२७७ या काळातल्या देणग्यांची नोंद देतो. रामचंद्रदेव यादवाचा तो काळ. म्हणजे लीळाचरित्र सिद्ध होत होते त्याच सुमारास विठ्ठलाच्या पायाशी दानाचा ओघ होता. प्रतिस्पर्धी देव असा भरात असताना त्याला वीर म्हणण्याची गरज का पडली असेल, हे या लेखाच्या बाजूने कळते. मूळ लेखात हा शिलालेख तळटीपेत दडला होता. समीक्षकाला तो दिसला नाही यात नवल नाही. तो मुख्य मजकुरात आणायचा आणि तसे सांगायचे.

दुसऱ्या समीक्षकाची दोन वाक्ये आहेत. विठ्ठल वीर होता की नाही, याचा निकाल लेखकाने द्यावा. आणि अशा मांडणीने वारकऱ्यांच्या श्रद्धेला धक्का लागतो, याचा विचार व्हावा. पहिल्या मागणीला सरळ नकार द्यावा, कारण तो दुसराच लेख होईल. त्यासाठी मूर्तिशास्त्र, शिलालेख, लोककथा असा सगळा संसार मांडावा लागेल, आणि पत्रिकेची शब्दमर्यादा तेवढी नसते. दुसऱ्या वाक्यावर चिडून उत्तर देण्याचा मोह होतो. माझ्या मते तो आवरावा, आणि कारण शिष्टाचाराचे नाही. समीक्षकाला महानुभावांचे मत लेखकाचे मत वाटले असेल, तर लेखातली वाक्ये तपासायला हवीत. ‘विठ्ठल हा मुळात वीर’ असे एखादे वाक्य कर्त्याशिवाय सुटलेले सापडेलच. ‘महानुभावांच्या लेखी’ हे दोन शब्द तिथे घातले की अर्धा आक्षेप विरतो. उरलेल्या अर्ध्याला पत्रात एवढेच म्हणायचे की एका पंथाने दुसऱ्याच्या देवाबद्दल काय सांगितले याचा हा अभ्यास आहे, देवाबद्दलचा निवाडा नाही.

समीक्षकांच्या मागण्या एकमेकींना छेदतात तेव्हा लेखक दोघांना खूश करायला जातो आणि लेखाचा कणा मोडतो. इथे एकजण म्हणतो दावा आवरा, दुसरा म्हणतो निकाल द्या. अशा वेळी पत्राच्या सुरुवातीला, संपादकाला उद्देशून, हा पेच मांडावा आणि आपण कुठली वाट का धरली ते दोन वाक्यांत सांगावे. निर्णय संपादकाचा असतो, समीक्षक सल्ला देतात.

शेवटी एक कंटाळवाणे काम. समीक्षकांना लेखकाचे नाव कळू द्यायचे नसते, तेव्हा ‘माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे’ अशी वाक्ये उत्तरपत्रातूनही काढावी लागतात; लेखातून काढलेली ही वाक्ये पत्रात हटकून शिरतात. ओळींचे क्रमांकही सगळ्यात शेवटी टाकावेत. मधे एक परिच्छेद वाढला की पुढचे सारे क्रमांक सरकतात, आणि समीक्षक नेमका बारावे पान उघडतो तेव्हा तिथे चौऱ्यांशीचा शिलालेख नसतो, संदर्भसूची असते.