कुत्र्याच्या चालीतल्या सहा फ्रेम

ॲनिमेशन शिकणाऱ्याला माणसाची चाल लवकर जमते, पण कुत्र्यापाशी गाडी अडते. दोनाचे चार पाय झाले म्हणून हे होत नाही. कोणता पाय कोणाच्या किती मागून टेकतो, हे आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं. चित्रकारही याला अपवाद नाहीत. एडवर्ड मायब्रिजने १८८७ मध्ये प्राण्यांच्या हालचालींची टप्प्याटप्प्याची छायाचित्रं प्रसिद्ध केली. तरीही त्यानंतरच्या निम्म्याहून अधिक चित्रांत चालत्या जनावरांचे पाय चुकीचेच काढलेले आहेत, असं हंगेरीतल्या संशोधकांना २०१२ मध्ये आढळलं.

खरा क्रम असा: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. हे चार ठोके साधारण सारख्या अंतराने पडतात.

मोठ्या कुत्र्याची निवांत चाल घेऊ. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि अशा कुत्र्याची वॉक सायकल, म्हणजे चारही पाय एकेकदा टेकून पुन्हा पहिल्या स्थितीत येणं, एका सेकंदात बसवता येते. मग डावा मागचा पंजा फ्रेम १ ला टेकतो, डावा पुढचा ७ ला, उजवा मागचा १३ ला आणि उजवा पुढचा १९ ला. फ्रेम २५ म्हणजे पुन्हा १. दर ठोक्याला सहा फ्रेम. (२० फ्रेमची सायकल धरली, तर ठोक्याला पाच येतात. एक चित्र दोन फ्रेम ठेवायची पद्धत असेल, तर निम्मे ठोके चित्राच्या अधेमधे पडतात. जुने ॲनिमेटर २४ चा आकडा उगाच पसंत करत नाहीत.)

आता की पोझ. बैलाच्या सोंगात पुढे एक आणि मागे एक माणूस असतो, तसा विचार करायचा. दोघेही साधीच चाल चालतात, फक्त पुढचा सहा फ्रेम उशिरा. माणसाच्या चालीत चार मुख्य पोझ असतात: पाय टेकतो ती कॉन्टॅक्ट, भार येऊन शरीर खाली दबतं ती डाऊन, एक पाय दुसऱ्याला ओलांडतो ती पासिंग आणि शरीर सर्वांत उंच असतं ती अप. मागच्या पायांसाठी या पोझ १, ४, ७ आणि १० या फ्रेमवर येतात. पुढच्या पायांची कॉन्टॅक्ट सातव्या फ्रेमवर, म्हणजे बरोबर मागच्यांच्या पासिंगवर. म्हणून मागचे पाय फाकलेले असतात तेव्हा पुढचे एकमेकांना ओलांडत असतात, आणि उलट. चौथ्या फ्रेमला कंबर सर्वांत खाली असते तेव्हा खांदे सर्वांत वर, दहाव्याला नेमकं उलट. पाठीची ती वरखाली होणारी लय वेगळी घडवावी लागत नाही, सहा फ्रेमच्या फरकातून ती आपोआप येते. चित्रंही आठच लागतात, त्यातली नंतरची चार म्हणजे डाव्या-उजव्या पायांची अदलाबदल.

मात्र पाय जमिनीवर किती वेळ राहतो, हे वेगळं ठरवावं लागतं. आपल्या कुत्र्याचा प्रत्येक पंजा पंधरा फ्रेम जमिनीवर आणि नऊ हवेत ठेवला, तर कुठल्याही क्षणी दोन किंवा तीन पाय टेकलेले राहतात. डावा मागचा फ्रेम १ ला जिथे टेकतो, त्याच्या आसपासच डावा पुढचा आधी टेकलेला असतो. म्हणून पुढच्याला फ्रेम २२ लाच उचलावं लागतं. त्याने तीन फ्रेम आधी जागा सोडली नाही, तर मागचा पंजा त्याच्यावर पडतो. नवशिक्याच्या कामात पाय अडखळल्यासारखे दिसतात, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

दुसरा दोष पंजा घसरण्याचा. सायकल जागच्या जागी करून पार्श्वभूमी मागे सरकवतात, तेव्हा टेकलेला पंजा तिच्याच वेगाने मागे जायला हवा. कुत्रा एका सायकलमध्ये ९६ सेंटिमीटर पुढे जात असेल, तर फ्रेममागे ४ सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. सॉफ्टवेअर सुरुवात आणि शेवट आपसूक मऊ करतं, म्हणजे पंजाचा वेग तिथे कमी करतं. हवेतल्या पायाला ते शोभतं, पण टेकलेला पाय त्यामुळे बर्फावर असल्यासारखा घसरतो. त्या पंधरा फ्रेमपुरता वेग समान, म्हणजे लिनिअर, ठेवावा.

एका बाजूच्या दोन पायांतला फरक सहावरून शून्यावर आणला, तर ते पाय जोडीने पडतात आणि चाल उंटासारखी होते. तो बारा केला, तर कर्णातले पाय जोडीने पडतात. ती दुडकी चाल, आणि तिची सायकलही बरीच आखूड हवी. म्हणजे आकडा चुकला, तर नुसती चूक होत नाही, वेगळीच चाल तयार होते.

तुमच्या मोबाइलवर स्लो-मोशन असेल, तर गल्लीतल्या कुत्र्याची चाल एका बाजूने चित्रित करा. मागचा पंजा टेकण्याआधी त्याच बाजूचा पुढचा उचललेला दिसतो का, एवढंच आधी पाहा. मगच पेन्सिल हातात घ्या.