अर्ज पुन्हा पाठवताना

ईमेलने नोकरीचा अर्ज पाठवला आणि काही क्षणांत Mail Delivery Subsystem या नावाने उत्तर आलं, तर घाईने पुन्हा पाठवू नका. आधी त्यातला आकडा शोधा. 5.1.1 म्हणजे तो पत्ताच अस्तित्वात नाही. बहुधा एखादं अक्षर चुकलेलं असतं. जाहिरातीतला पत्ता ताडून पाहा. 5.2.2 असेल तर समोरची पेटी भरलेली आहे, तेव्हा कार्यालयात फोन करून दुसरा पत्ता मागावा. आकडा 4 ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे. सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. तुम्हीही पाठवलात तर दोन प्रती पोचतील.

काहीच परत आलं नाही, पण पोचही नाही, हा प्रकार जास्त छळतो. पत्र स्पॅममध्ये पडलेलं असू शकतं, किंवा कुणी अजून उघडलंच नसेल. मुदत जवळ नसेल तर आठवडाभर थांबावं. मग Sent मधलं मूळ पत्र त्याच पत्त्यावर Forward करावं. त्यात पहिली तारीख दिसते, म्हणजे अर्ज वेळेत केल्याचं आपोआप कळतं, आणि जोडलेल्या फाइलीही सोबत जातात. Reply केल्यास त्या सहसा गळतात. विषयाच्या ओळीतलं Fwd काढून पदाचं नाव ठेवा. वर एवढंच लिहा: ‘लेखापाल पदासाठी 3 जूनला पाठवलेला अर्ज सोबत पुन्हा जोडत आहे. आधीची प्रत मिळाली असल्यास ही ग्राह्य धरू नये.’ माफी नको, ‘कृपया लवकर कळवा’ तर नकोच. बायोडेटा मात्र तोच ठेवा. दोन वेगळ्या आवृत्त्या पोचल्या, तर कुठली खरी हा प्रश्न निवडणाऱ्यापुढे उभा राहतो.