पहाटेची पोटदुखी आणि मिटलेल्या पापण्या

पावसाळ्यातला वॉर्ड. खाटेभोवती सगळे उभे आहेत आणि एक विद्यार्थिनी केस मांडते आहे: "सर, २८ वर्षांचा शेतमजूर. रात्री जमिनीवर झोपला होता. पहाटे ४ वाजता पोटात दुखू लागलं, उलटी झाली. ६ वाजता पापण्या उघडेनात, ८ वाजता थुंकी गिळता येईना. ताप नाही. अंगावर जखम सापडली नाही."

एवढ्या बोलण्यात रोग जवळजवळ पकडला गेलाय, हे लक्षात आलं का तुमच्या? ती पुढे काय म्हणते ते ऐका.

"सर, आधी बिघाड कुठे आहे ते बघू. मेंदूत? पण सांगितलं की तो पायाचा अंगठा हलवतो, म्हणजे शुद्धीवर आहे. मणक्यातल्या मज्जारज्जूत? तिथल्या बिघाडाने पापण्या पडत नाहीत आणि स्पर्शही त्याला नीट कळतोय. नसांमध्ये? गियाँ-बारे आजारात अशक्तपणा बहुधा पायांकडून वर चढतो, त्याला काही दिवस लागतात. इथे तो डोळ्यांकडून खाली उतरलाय, तोही काही तासांत. उरतो तो नस आणि स्नायू यांच्यामधला सांधा."

किती चिमुकली जागा ही! नसेच्या टोकातून रसायनाचा थेंब सुटतो, स्नायूला मिळतो आणि पापणी उचलली जाते. हा निरोप कोणी अडवला?

"मायस्थेनिया असा एका रात्रीत, पोटदुखीबरोबर येत नाही. डबाबंद अन्नातून होणारं बोट्युलिझम? घरातले सगळे तेच जेवले आणि ठणठणीत आहेत, त्यामुळे शक्यता कमी. घोणस? काचेच्या नळीत ठेवलेलं रक्त २० मिनिटांत गोठलं, म्हणून तीही मागे पडते. नाग चावला असता तर चाव्याची जागा बहुधा सुजली असती. सर, माझं निदान, मण्यार."

मण्यार रात्री फिरते. तिचे दात इतके बारीक की झोपलेल्या माणसाला अनेकदा चावा जाणवतही नाही आणि खूण दिसेलच असं नाही. त्यामुळे "जखम नाही" या शब्दांनी साप बाद होत नाही. उलट, "जमिनीवर झोपला होता" हे आरंभीचे साधे शब्द आता पुराव्यासारखे उभे राहतात.

तिचं विष नसेचं टोकच निकामी करतं. एकदा ते टोक गेलं की प्रतिविष ते परत आणू शकत नाही, म्हणून सुई लवकर लागावी लागते. पुढे टोकं नव्याने फुटेपर्यंत काही दिवस जातात आणि तोवर श्वास यंत्राने द्यावा लागतो. या काळात बाहुल्या विस्फारलेल्या, अंग निपचित. पाहणाऱ्याला माणूस गेला असंच वाटावं. आत मात्र तो सगळं ऐकत असू शकतो! म्हणूनच ती विद्यार्थिनी शेवटी म्हणते, "सर, त्याच्या खाटेपाशी जपून बोलू या."

पहाटे कुणाचं पोट दुखून पापण्या जड झाल्या, तर चाव्याची खूण शोधत बसू नका. थेट प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा.