गौरीचे ब्लाउज आणि स्टेटसची वेळ

घरी ब्लाउज शिवणाऱ्या बाईला आज दोन दुकाने सांभाळावी लागतात. एक मशिनच्या खोलीत आणि दुसरे मोबाइलवर. मोबाइलवरच्या दुकानाबद्दल सल्ले भरपूर मिळतात. रोज टाका, सकाळी टाका, संध्याकाळी सातला टाका, असे कोणीही सांगते. पण कपड्यांचे दुकान आणि शिलाईचे काम यांत मोठा फरक आहे. दुकानदाराला जास्त गिऱ्हाईक आले तर तो जास्त माल मागवतो. शिवणाऱ्या बाईचे हात दोनच असतात. म्हणून किती वेळा टाकायचे हे मोबाइलला विचारू नये, मशिनला विचारावे.

समजा, साताऱ्यातल्या एक ताई घरी अस्तराचे ब्लाउज शिवतात. कटिंगपासून हुक आणि हातशिलाईपर्यंत एका ब्लाउजला साधारण तीन तास लागतात. घरचे सगळे सांभाळून दिवसाला दोन आणि रविवार सोडून आठवड्याला बारा होतात. गौरीला चार आठवडे आहेत, म्हणजे कागदावर अठ्ठेचाळीस ब्लाउज. त्यातले सहा बाजूला काढावेत, कारण लाइट जाते, घरात कोणी आजारी पडते, आणि शेवटच्या चार दिवसांत अल्टरला येणाऱ्यांना नाही म्हणता येत नाही. उरले बेचाळीस. त्यांतले सत्तावीस नेहमीच्या बायकांचे. त्या काहीही न टाकता दरवर्षी येतातच. म्हणजे नव्या गिऱ्हाइकांसाठी जागा पंधरा ब्लाउजची आहे, आणि पोस्ट टाकायच्या त्या या पंधरांसाठीच.

आता मागच्या महिन्याची वही उघडायची. ‘रेट काय?’ असे विचारणाऱ्या दहाजणींपैकी किती प्रत्यक्ष कापड घेऊन आल्या? समजा चार. मग पंधरा ब्लाउजसाठी साधारण अडतीस जणींनी विचारायला हवे. एका पोस्टमागे सरासरी तिघी विचारत असतील तर तेरा पोस्ट लागतील. एखादी दोन ब्लाउज घेऊन आली तर त्याहूनही कमी. मात्र कापड गौरीच्या किमान दहा दिवस आधी हातात पडायला हवे. त्यानंतर आलेले शिवायला रात्री जागावे लागते आणि जागून शिवलेला गळा बरेचदा बिघडतो. म्हणून या तेरा पोस्ट पहिल्या अठरा दिवसांतच व्हायला हव्यात, म्हणजे आठवड्याला पाच. श्रावणाच्या सुरुवातीला, हात मोकळे असताना, हाच हिशेब वेगळा येईल. पौषात तर आणखी वेगळा. आकडे प्रत्येकीचे निराळे असतील, पण ते स्वतःच्या वहीतूनच निघतात, दुसऱ्या कोणाच्या व्हिडिओतून नाही.

पंधरा भरले की काय करायचे? इथे बहुतेक जणी दोनपैकी एक चूक करतात. काही जणी तशाच टाकत राहतात, येणाऱ्या प्रत्येकीला ‘बघते हं’ म्हणतात आणि मग आठवडाभर तोंड चुकवतात. काही जणी एकदम गप्प होतात आणि गौरी झाल्यावर नवरात्रीसाठी पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. त्यापेक्षा ‘गौरीची बुकिंग पूर्ण, नवरात्रीचे कापड घेणे चालू’ असे स्पष्ट लिहून आठवड्याला एखादा तयार ब्लाउज दाखवत राहावे. तारीख वाचून मनात कापड ठरवणारी बाई पुढच्या सणाला वेळेत येते.

आता वेळेचे. व्हॉट्सअॅप स्टेटस आणि इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांनी जाते, म्हणून त्यांना वेळ जपावी लागते. रीलचे तसे नाही. ती कित्येक दिवस नव्या लोकांसमोर येत राहते, त्यामुळे ती दुपारी टाकली काय आणि रात्री टाकली काय, फारसे बिघडत नाही. साताऱ्यासारख्या गावात काम आणते ते मुख्यतः स्टेटस, कारण ते बघणारी बाई मापाचा ब्लाउज घेऊन चालत येऊ शकते. मात्र तिने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर स्टेटस तिला दिसतच नाही. तेव्हा माप घेतानाच ‘नंबर सेव्ह करा हं’ म्हणावे.

आपल्या बायका स्टेटस कधी बघतात, हे मोबाइलच सांगतो. स्टेटसवरच्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवले की कोणी, किती वाजता पाहिले याची यादी येते. ती स्टेटसबरोबरच जाते, म्हणून दोन आठवडे रोज ती वहीत उतरवावी. एक काळजी घ्यायची: नऊला टाकले तर साहजिकच नऊनंतरच लोक बघणार. म्हणून एक दिवस सकाळी, एक दिवस दुपारी, एक दिवस रात्री, असे बदलून टाकावे. ज्यांनी ब्लू टिक बंद ठेवली आहे त्या यादीत दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. शिवाय नुसते बघणाऱ्यांपेक्षा विचारणाऱ्यांची वेळ मोलाची. सकाळी डबे भरताना भराभर बघून सोडतात. दुपारी दोन ते चारमध्ये किंवा रात्री जेवणे आटोपल्यावर निवांत बघतात आणि बाह्या किती, अस्तर कोणते, हे तेव्हाच विचारतात. नोकरी करणाऱ्या बायका जास्त असतील तर दुपार फुकट जाईल. गृहिणी जास्त असतील तर कदाचित तीच उत्तम ठरेल.

यात दुसरी अट ताईंच्या स्वतःच्या वेळेची आहे. रात्री साडेदहाला टाकून झोपलात आणि उत्तर सकाळी दिलेत, तर तोवर विचारणारीने दुसरीकडे विचारलेले असते. टाकल्यावर तासभर उत्तर देता येईल अशीच वेळ निवडावी. कटिंग चालू असताना तर टाकूच नये, कारण मेसेज वाजला की हात थांबतो आणि कात्री चुकते. व्हॉट्सअॅपच्या बिझनेस अॅपमध्ये आपण हजर नसताना जाणारा मेसेज लिहून ठेवता येतो. तिथे ‘रात्री दहानंतरची उत्तरे सकाळी’ एवढे पुरते. फोटो मात्र सकाळीच खिडकीच्या उजेडात काढून ठेवावेत. ट्यूबलाइटखाली वाइन रंग जांभळा दिसतो आणि मग ‘फोटोत वेगळा होता’ असे ऐकावे लागते.

आठवड्यातला एखादा वारही हेरावा. शनिवार-रविवारी ब्लाउजपीस घ्यायला बायका बाजारात जातात, म्हणून शुक्रवारी रात्री गळ्याचे दोन-तीन नमुने दाखवले तर त्या त्याच हिशेबाने कापड घेतात. दोन-तीनच. एकदम पंधरा टाकले की वरच्या रेघेचे बारीक ठिपके होतात आणि ते बघूनच बोट पुढच्या माणसाकडे सरकते.

एका बाबतीत वेळ गिऱ्हाइकाच्या हातात असते. नवरीचा ब्लाउज तिने लग्नात घालण्याआधी स्टेटसला ठेवू नये. गावात तो नमुना आठवडाभरात दुसऱ्या दोघींच्या अंगावर दिसू शकतो आणि ते घर कायमचे तुटते. गौरीच्या ओटीच्या साडीवरच्या ब्लाउजचेही तसेच. विचारून, सण झाल्यावर ठेवावा.

शेवटी मोबाइलवर जाणारा वेळही वहीत लिहावा. रील बनवण्यात रोज तास जात असेल तर आठवड्याचे सहा तास होतात, म्हणजे दोन ब्लाउजची शिलाई. महिनाभरात त्या रीलमधून आठवड्याला दोन नवे ब्लाउजही येत नसतील, तर रील बंद करावी आणि एक साधा, उजेडात काढलेला फोटो ठरल्या वेळी स्टेटसला ठेवावा.